शुक्रवारची नोटीस, सोमवारचा दावा

29 फेब्रुवारी 2008 हा शुक्रवार होता. त्या दिवशी मर्फी या अमेरिकी तेल कंपनीनं इक्वेडोर सरकारला पत्र पाठवलं. तुमच्या नव्या कायद्यानं आमचं नुकसान झालं आहे आणि अमेरिकेशी तुम्ही केलेल्या गुंतवणूक कराराचा हा भंग आहे, असा त्याचा आशय. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी, 3 मार्चला, कंपनीचा दावा वॉशिंग्टनमध्ये इक्सिडकडे दाखल झाला. इक्सिड ही जागतिक बँकेच्या छत्राखालची संस्था. परदेशी गुंतवणूकदार आणि सरकार यांच्यातले वाद चालवण्यासाठी तिथं खटल्यागणिक सहसा तीन लवादांचं मंडळ नेमलं जातं.

या मंडळानं 15 डिसेंबर 2010 रोजी निकाल दिला. आम्हाला हा खटला ऐकण्याचा अधिकारच नाही, असं त्यानं सांगितलं. इक्वेडोरचा कायदा योग्य की अयोग्य, मर्फीचे किती पैसे बुडाले, यावर निकालात काही ठरलं नाही. पावणेतीन वर्षं आणि वकिलांची भली मोठी बिलं ज्यावर खर्ची पडली, त्या मूळ भांडणाला हातही लागला नाही. कारण करारात सहा महिने थांबा असं लिहिलं होतं आणि कंपनी तीन दिवस थांबली होती.

आपल्याकडे सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावलेल्या कुणालाही ही अट ओळखीची वाटेल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे आधी नोटीस द्यायची, दोन महिने वाट पाहायची, मग कोर्टात जायचं. फार तातडी असेल तर कोर्टाची परवानगी काढून नोटिशीशिवायही दावा लावता येतो. वरवर पाहता मर्फीच्या करारातली अट याच जातीची. पण एक मोठा फरक आहे. आपलं दिवाणी न्यायालय तुमच्या नोटिशीआधीही तिथं असतं आणि नंतरही असतं. सरकारला त्याच्यापुढं उभं राहावं लागतं, ते सरकारच्या मर्जीवर नाही. परदेशी लवाद मंडळाचं तसं नसतं. सार्वभौम देशाला जबरदस्तीनं त्याच्यापुढं आणता येत नाही. देशानं 'हो' म्हटलं तरच ते मंडळ अस्तित्वात येतं आणि जेवढ्याला 'हो' म्हटलं तेवढंच त्याचं राज्य.

हा होकार दोन देशांच्या करारात लिहिलेला असतो. कुठल्या कंपनीचं नाव त्यात नसतं. समोरच्या देशातल्या कुठल्याही गुंतवणूकदारासाठी तो खुला असतो, जाहीर निविदेसारखा. कंपनी दावा दाखल करते तेव्हा ती निविदा भरते आणि तिथं संमती पुरी होते. आता निविदेचा रिवाज आपल्याला माहीत आहे. अनामत रक्कम जोडली नसेल तर दर कितीही चांगला असो, पाकीट उघडलंच जात नाही. मर्फीचं पाकीट उघडलं गेलं नाही, ते याच तर्कानं.

भांडण होतं तेलाच्या भावावरून. सन 2000 नंतर तेल महागत गेलं. कंपन्यांनी करार केले तेव्हाच्या भावापेक्षा जेवढी जास्त कमाई होईल तिच्यातला निम्मा वाटा सरकारचा, असा कायदा इक्वेडोरनं एप्रिल 2006 मध्ये केला. ऑक्टोबर 2007 मध्ये राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेया यांच्या सरकारनं तो वाटा 99 टक्क्यांवर नेला. मर्फीचा ब्लॉक 16 या तेलक्षेत्रात 20 टक्के हिस्सा होता आणि तिथलं कामकाज रेप्सोल ही स्पॅनिश कंपनी पाहत होती. अमेरिका आणि इक्वेडोर यांच्यातला करार 1993 मध्ये झाला आणि 1997 मध्ये लागू झाला. त्याच्या सहाव्या कलमात दोन अटी शेजारी शेजारी बसल्या होत्या. वाद उद्भवल्यापासून सहा महिने उलटलेले असावेत, ही पहिली. इंग्रजीत तिला कूलिंग-ऑफ पिरियड म्हणतात. तापलेली डोकी थंड होण्याची मुदत, म्हणू या. आणि दुसरी अशी की तोच वाद कंपनीनं आधी इक्वेडोरच्या कोर्टात नेलेला नसावा. हिच्याकडे नंतर येतो.

पहिल्या अटीची खरी मेख 'वाद उद्भवल्यापासून' या शब्दांत आहे. मर्फीचं म्हणणं होतं की वाद एप्रिल 2006 पासूनच चालू आहे. कायदा झाला, आम्ही भरडले गेलो, सरकारला हे ठाऊक होतं. सहा महिने केव्हाच होऊन गेले. मंडळानं हे मानलं नाही. नुकसान होणं वेगळं, तक्रार असणं वेगळं आणि वाद उद्भवणं वेगळं. तुम्ही कराराचा भंग केलात, असं कंपनी सरकारला सांगते तेव्हा घड्याळ सुरू होतं. मर्फीनं ते पहिल्यांदा त्या शुक्रवारी सांगितलं. रेप्सोलनं काही महिने आधीच सरकारला कळवलं होतं, त्याचा आधार घ्यायचाही प्रयत्न झाला. पण रेप्सोलचा वाद रेप्सोलचा. दुसऱ्या कंपनीच्या नोटिशीवर आपले सहा महिने मोजता येत नाहीत.

मग मर्फीनं शेवटचा बचाव मांडला. बोलणी करून काही निष्पन्न होणारच नव्हतं, मग सहा महिने उगाच घालवायचे कशाला? मंडळाचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत पटण्यासारखं वाटतं. बोलणी यशस्वी करा असं करार सांगत नाही, बोलणी करून पाहा असं सांगतो. न करताच ती व्यर्थ ठरली असती, हे कोण ठरवणार? तीन लवादांपैकी एकानं मात्र यावर वेगळं मत नोंदवलं. म्हणजे हा प्रश्न त्या खोलीतही एकमतानं सुटला नव्हता.

याच करारावरचा दुसरा निकाल शेजारी ठेवला की गोष्ट रंगतदार होते. ऑक्सिडेंटल ही दुसरी अमेरिकी तेल कंपनी. तिनं आपल्या क्षेत्रातला 40 टक्के हिस्सा मंत्रालयाची परवानगी न घेता दुसऱ्या कंपनीला दिला, असा ठपका ठेवून इक्वेडोरनं 15 मे 2006 रोजी तिचा करारच संपुष्टात आणला. 17 मे रोजी ऑक्सिडेंटलनं इक्सिडकडे दावा लावला. मर्फी निदान तीन दिवस तरी थांबली होती. ही दोनच दिवस थांबली. करार तोच, कलम तेच, सहा महिने तेच. तरीही सप्टेंबर 2008 मध्ये त्या मंडळानं दावा दाखल करून घेतला आणि पुढं 2012 मध्ये कंपनीला तब्बल 177 कोटी डॉलर मंजूर केले. ही रक्कम नंतर फेरतपासणीत बरीच कमी झाली.

दोघींत असा काय फरक होता? ऑक्सिडेंटलचा करार रद्द करण्याची कारवाई 2004 पासून उघडपणे चालू होती. कंपनी आणि सरकार दोन वर्षं समोरासमोर होते. शेवटचा हुकूम निघाल्यावर सरकार मागं फिरणार नाही हेही स्पष्ट झालं होतं. त्यामुळं पुढची बोलणी व्यर्थ ठरली असती, असं मंडळानं म्हटलं. मर्फीकडे दाखवण्यासारखा असा कागदच नव्हता. हे मला अर्धंच पटतं. व्यर्थतेचं दार एकदा उघडलं की प्रत्येक कंपनीला आपला प्रसंग व्यर्थच वाटणार. पण सरकारनं दार आपल्या हातानं लावून घेतलं असेल, तर तिथं सहा महिने टकटक करत बसा असं सांगणंही विचित्रच.

मर्फीच्या निकालाआधी सहा महिने, जून 2010 मध्ये, याच करारावर बर्लिंग्टन या आणखी एका तेल कंपनीच्या खटल्यात मधली वाट निघाली होती. त्या मंडळानं सांगितलं की नोटिशीत कराराचं कुठलं कलम मोडलं हे लिहिलंच पाहिजे असं नाही. पण वाद आहे, हे सरकारला सहा महिने आधी कळायला हवं, म्हणजे कोर्टकचेरीआधी चूक दुरुस्त करायची संधी त्याला मिळते. बर्लिंग्टननं नव्या तेलवसुलीबद्दल आधी लिहिलं होतं, म्हणून ती तक्रार टिकली. दोन क्षेत्रांत स्थानिक आदिवासींच्या विरोधामुळं काम बंद पडलं आणि सरकारनं संरक्षण दिलं नाही, ही तक्रार मात्र अशा रीतीनं आधी मांडलेली नव्हती. तेवढी गळाली. म्हणजे अट सगळ्या दाव्याला एकदम लागत नाही. एकेक तक्रार सुटी करून तपासली जाते आणि नोटिशीत जी नाही ती बाद होते.

आता दुसऱ्या अटीकडे. इंग्रजीत हिला 'फोर्क इन द रोड' म्हणतात, आपल्याकडे फाटा. फाट्यावर उभं राहून एक रस्ता धरायचा: देशातलं कोर्ट किंवा आंतरराष्ट्रीय लवाद. एकदा कोर्टाचा रस्ता धरला की मागं येऊन दुसरा धरता येत नाही. कागदावर हे सरळ दिसतं. कोर्टात हरल्यावर तीच केस घेऊन लवादाकडे जाणं कुणालाही अन्यायाचंच वाटेल.

पण कर खात्याशी भांडण झालं की काय होतं ते ऑक्सिडेंटलच्याच एका जुन्या खटल्यात दिसतं. निर्यातीसाठीच्या तेलावर भरलेला मूल्यवर्धित कर इक्वेडोर आधी परत देत असे. 2001 मध्ये कर खात्यानं परतावा बंद केला आणि आधी दिलेले पैसेही परत मागितले. कंपनीनं तिथल्या कर न्यायालयांत दावे लावले आणि 2002 मध्ये लवादाकडेही गेली. सरकार म्हणालं, बघा, ही आधीच फाट्यावरून एका रस्त्याला लागली आहे.

इथं इक्वेडोरच्या कर कायद्यातली मुदत महत्त्वाची ठरली. कर खात्याच्या आदेशाला 20 दिवसांत आव्हान दिलं नाही, तर तो आदेश कायमचा पक्का होत असे. एका बाजूला हे 20 दिवस, दुसऱ्या बाजूला करारातले सहा महिने. कोर्टात गेलं नाही तर देशातला हक्क गेला. गेलं तर लवाद गेला. लवादाकडे लगेच जावं तर सहा महिने झालेले नाहीत. दोन घड्याळं आहेत आणि दोन्ही एका वेळी पाळता येत नाहीत. 1 जुलै 2004 च्या निकालात लवादांनी हे नेमकं हेरलं. फाट्यावरची निवड खरी असायची तर ती मोकळ्या मनानं केलेली असावी लागते. 20 दिवसांची टांगती तलवार डोक्यावर असताना लावलेला दावा ही निवड नव्हे, असं त्यांनी म्हटलं. शिवाय कर न्यायालयापुढचा प्रश्न देशाच्या कर कायद्याचा होता आणि लवादापुढचा प्रश्न आंतरराष्ट्रीय कराराचा. दोन्ही वाद एक नाहीत. सात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम कंपनीला मंजूर झाली.

'दोन्ही वाद एक नाहीत' हे वाक्य कंपन्यांच्या वकिलांना फार प्रिय आहे. बरीच मंडळं तीन गोष्टी जुळतात का ते पाहत असत: पक्ष तेच, मागणी तीच, मागणीचा कायदेशीर पाया तोच. या तिन्ही जुळणं जवळजवळ अशक्यच असतं. कोर्टात जाते ती स्थानिक कंपनी आणि लवादाकडे येते तिची परदेशी मालक कंपनी, म्हणजे पक्षच वेगळे. कोर्टात आधार कंत्राटाचा आणि लवादापुढं कराराचा, म्हणजे पायाही वेगळा. अशा गणितानं फाट्याची अट कधीच कुणाला लागू पडत नाही. मग ती लिहिली कशासाठी?

2009 मध्ये यान पॉल्सन या एकट्या लवादानं अल्बानियाच्या एका खटल्यात हाच प्रश्न विचारला. पॅन्टेक्निकी ही ग्रीक कंपनी तिथं रस्ते आणि पूल बांधत होती. 1997 मध्ये गुंतवणुकीच्या फसव्या योजना कोसळल्या, देशभर दंगली उसळल्या आणि कंपनीची यंत्रसामग्री लुटली गेली. नुकसान सुमारे 18 लाख डॉलरचं, असं सरकारी पाहणीत ठरलं. पैसे मिळाले नाहीत म्हणून कंपनी कंत्राटाच्या आधारावर अल्बानियाच्या कोर्टात गेली आणि हरली. मग सर्वोच्च न्यायालयातलं अपील सोडून तिनं इक्सिडचा रस्ता धरला. पॉल्सन यांनी दाव्याचं नाव बाजूला सारलं आणि पैशाचा मूळ हक्क कुठून येतो ते पाहिलं. त्या 18 लाखांचा हक्क कंत्राटातून येत होता आणि तोच प्रश्न कंपनीनं आपण होऊन कोर्टापुढं ठेवला होता. तो भाग त्यांनी बंद केला. कोर्टानंच आपल्याला न्याय नाकारला ही तक्रार वेगळी, ती ऐकता येईल, असं ते म्हणाले. ती त्यांनी ऐकली, पण वरच्या कोर्टापर्यंत न जाताच कंपनी निघून आली होती, म्हणून तीही टिकली नाही.

तिसऱ्या जातीची अट फाट्याच्या नेमकी उलटी असते: आधी देशातल्या कोर्टात जाच, मग लवादाकडे ये. ब्रिटन आणि अर्जेंटिनाच्या करारात ही मुदत 18 महिन्यांची होती. बीजी ग्रुप ही ब्रिटिश गॅस कंपनी कोर्टात न जाता थेट लवादाकडे गेली. 2002 च्या आर्थिक संकटात अर्जेंटिनानं अशा दाव्यांवर 180 दिवसांची स्थगिती आणली होती आणि जी कंपनी कोर्टात जाईल तिला दरांच्या फेरबोलणीतून वगळलं होतं. कोर्टात जा अशी अट घालायची आणि गेलात तर शिक्षा करायची, हे लवादांना चाललं नाही. त्यांनी 2007 मध्ये साडेअठरा कोटी डॉलर मंजूर केले.

लवाद अमेरिकेत झाला होता, म्हणून निकालाला आव्हानही तिथल्याच कोर्टात गेलं आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोचलं. मार्च 2014 मध्ये सात विरुद्ध दोन असा निकाल लागला. बहुमताच्या मते ही अट म्हणजे लवादाकडे केव्हा जायचं याची पायरी आहे आणि पायरी चढली का ते लवादांनीच ठरवावं. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी विरोधी मत दिलं: ही पायरी नाही, हे अर्जेंटिनाच्या होकाराचंच कलम आहे, अट पुरी झाली नाही तर होकारच नाही, आणि होकार होता का हे ठरवणं कोर्टाचं काम. शब्द तेच. एकानं त्यांना पायरी मानलं, दुसऱ्यानं उंबरठा. पायरी चुकली तर एखादं मंडळ खटला थोडा थांबवून ती चढायला लावू शकतं. उंबरठाच ओलांडला नसेल तर घरात काय चाललंय याला अर्थ नाही. मर्फीच्या मंडळानं सहा महिन्यांना उंबरठा मानलं होतं.

मर्फीची गोष्ट मात्र तिथं संपली नाही. अधिकार नाही असा निकाल म्हणजे दावा खोटा असा निकाल नव्हे. इक्वेडोरनं 2009 मध्येच इक्सिडमधून बाहेर पडत असल्याचं कळवलं होतं, पण त्याच सहाव्या कलमात संयुक्त राष्ट्रांच्या लवाद नियमांचा दुसरा दरवाजाही होता. 2011 मध्ये, सहा महिने केव्हाच उलटून गेल्यावर, मर्फी त्या दरवाज्यानं आत आली. मे 2016 मध्ये मंडळानं ठरवलं की 50 टक्क्यांची वसुली कराराचा भंग नव्हती, 99 टक्क्यांची होती. भरपाई मिळाली सुमारे दोन कोटी डॉलर, मागणीच्या मानानं अगदी थोडी. त्या शुक्रवारपासून आठ वर्षं गेली होती.

भारतानं या सगळ्यातून आपला धडा घेतला, आणि त्यामागं एक वेगळंच प्रकरण होतं. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीनं कोल इंडियाविरुद्ध 2002 मध्ये लवादाचा निकाल जिंकला. त्याची अंमलबजावणी आणि त्याला आव्हान या दोन्ही बाजू भारतीय कोर्टांत नऊ वर्षं रेंगाळल्या. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळानं या दिरंगाईलाच कराराचा भंग ठरवलं आणि भारताला सुमारे 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरायला लावले. पुढं भारतानं आपल्या करारांचा नवा नमुना तयार केला. आमच्या कोर्टांना फार वेळ लागतो असा ठपका बसलेल्या देशानं त्या नमुन्यात अट घातली ती अशी: आधी पाच वर्षं आमच्या कोर्टांत जा.

नमुन्यातला हिशेब एकदा कॅलेंडर घेऊन मांडून पाहावा. समजा, सरकारच्या एखाद्या निर्णयानं नुकसान झाल्याचं कंपनीला 1 जानेवारी 2020 रोजी कळलं. वर्षभरात, म्हणजे 2021 उजाडेपर्यंत, तिनं भारतीय कोर्टात जायचं. कळल्या दिवसापासून पाच वर्षं देशातले सगळे उपाय करून पाहायचे. ती 1 जानेवारी 2025 ला भरतात. समाधान झालं नाही तर वादाची नोटीस द्यायची आणि सहा महिने बोलणी करायची: जुलै 2025. मग लवादाची नोटीस, आणि दावा त्यानंतर किमान 90 दिवसांनी: या मुदती एकामागोमाग धरल्या तर ऑक्टोबर 2025. पण कळल्यापासून सहा वर्षांच्या आत दावा दाखल व्हायलाच हवा, अशीही अट त्याच नमुन्यात आहे. कोर्टातलं काम संपल्यापासून बारा महिने असाही एक पर्यायी हिशेब दिला आहे, पण तो कधी लागू होणार यावर वाद घालायला पुष्कळ जागा आहे. सहा वर्षं भरतात 1 जानेवारी 2026 ला. एकही तारीख न चुकवणाऱ्या वकिलाच्या हातात जेमतेम तीन महिने उरतात.

संयुक्त अरब अमिरातीशी 2024 मध्ये झालेल्या करारात भारतानं पाच वर्षांची तीन केली.